मदत हवी आहे: बायझंटाईन मूर्तिबंदी 843 मध्येच कायमची का उठली?

पवित्र चित्रांवरच्या बंदीबद्दल वाचतोय. 754 च्या परिषदेचा युक्तिवाद कळला: ख्रिस्ताचं देवत्व रंगात उतरत नाही आणि नुसता माणूस रंगवला तर ख्रिस्ताचे दोन तुकडे होतात. सम्राज्ञी आयरीनीने 787 मध्ये बंदी उठवली. त्याआधी, 786 मध्ये, सैनिकांनी तिची परिषद उधळली होती! पण बल्गारांकडून मार खाल्ल्यावर सम्राट पाचव्या लिओने 815 मध्ये बंदी परत आणली. म्हणजे चित्रं म्हणजे देवाचा कोप, हे गणित सैन्यात पक्कं होतं.

मग 843 मध्ये सम्राज्ञी थिओडोराने नवऱ्याच्या, सम्राट थिओफिलोसच्या, मृत्यूनंतर साधारण वर्षभराने बंदी उठवली, तेव्हा सैन्य गप्प का? 838 मध्ये अमोरियम शहर अरबांच्या हाती पडलं, त्यामुळे बंदीवरचाच विश्वास उडाला, की बंदीवाल्यांना चर्चने दिलेल्या शापातून नवऱ्याला वगळण्याची तिची अट कामी आली? धर्मशास्त्र नको, राजकीय कारण हवंय.