प्रतिसाद: खिळे किलोवर गेले

> जुन्या नोकऱ्या जातात तशा नव्या येतातच की, मग रडायचं कशाला?

येतात, पण त्याच माणसाला येतील असं नाही. आमच्या गल्लीतल्या छापखान्यात अक्षरजुळणी करणारे कंपोझिटर काका खणाखणांच्या केसकडे न बघता एकेका अक्षराचे धातूचे खिळे उचलून हातातल्या स्टिकमध्ये ओळीने लावायचे. प्रुफात एक शब्द वाढला की पुढच्या ओळी पुन्हा जुळवा! १९८५ला पेजमेकर हे संगणकावर पानं जुळवायचं सॉफ्टवेअर आलं, पुढे मराठी फॉन्ट आले, आणि तीच दुरुस्ती मिनिटभराची झाली. जुळणी स्वस्त झाल्यावर अहवाल, स्मरणिका छापणं छोट्या मंडळांनाही परवडू लागलं. आर्थिक वाढ म्हणतात ती हीच. संगणकावरच्या या जुळणीच्या, म्हणजे डीटीपीच्या खुर्चीत मात्र टायपिंग शिकलेली विशीतली मुलगी बसली. काकांच्या बोटांतलं कसब कीबोर्डवर कुठलं चालायला? खिळे भंगारात किलोवर गेले, काका बाइंडिंगला, निम्म्या पगारावर.