मदत हवी आहे: अर्गंड आकृतीतला गुणाकार अकरावीला कसा दाखवावा?

नमस्कार मंडळी, मी अमळनेरला अकरावीची शिकवणी घेतो. मॉड्युलस म्हणजे आरंभबिंदूपासूनचं अंतर, आर्ग्युमेंट म्हणजे धन X-अक्षाशी होणारा कोन, इथवर पोरांना पटतं. गुणाकारात अंतरांचा गुणाकार होतो नि कोनांची मात्र बेरीज, इथे गाडी अडते. त्रिकोणमितीची बेरीज-सूत्रं अजून झालेली नाहीत, त्यामुळे ती न वापरता दाखवायचंय.

मी 3+i ला 2+i ने गुणतो. i ने गुणलं की बिंदू 90° डावीकडे वळतो, म्हणजे 3+i चा -1+3i होतो. मग आधी 3+i च्याच दिशेने दुप्पट, 6+2i पर्यंत जायचं, तिथून काटकोनात वळून -1+3i एवढं चालायचं. पोहोचतो 5+5i वर. अंतर √10 × √5 = √50, कोन 45°. आलेखाच्या कागदावर झकास दिसतं.

आता 0, 6+2i, 5+5i हा काटकोन त्रिकोण 0, 2, 2+i या त्रिकोणाशी समरूप आहे. एवढ्यावर सिद्धता पुरी मानावी का? आणि -1+i सारखा दुसऱ्या चरणातला बिंदू घेतला की कॅल्क्युलेटर 135° ऐवजी -45° देतो, बेरीज चुकते. तो भाग तुम्ही आधी घेता की नंतर?