विषय: न केलेली ऑर्डर, आणि मेलचा पूर

मेधा:
मंडळी, नमस्कार. काल सकाळी तासाभरात चारशेवर न्यूजलेटर आली, जर्मन काय, पोर्तुगीज काय. पुसता पुसता मध्येच एक मेल दिसली: दोन टॅब्लेट रवाना झाले, पत्ता ओहायोतला. आम्ही न्यू जर्सीत! ऑनलाइन दुकानाचं खातं उघडलं तर यादीत ती ऑर्डरच नाही. ह्यांनी लगेच पासवर्ड बदलला. एवढ्यानं भागेल ना?

अविनाशकाका:
अगं, मलाही न मागवता मोज्यांचे सहा जोड आले होते. घालतोय मजेत. घाबरू नकोस.

सचिन:
काका, तुमचा प्रकार निराळा. खोटे रिव्ह्यू लिहिण्यासाठी विक्रेते असं काहीबाही पाठवतात, त्यात तुमच्या खात्यातून पैसे जात नाहीत. मेधाताईंचे गेलेत. हा पूर मुद्दाम आणलेला असतो, ऑर्डरची मेल त्यात बुडावी म्हणून. त्यामुळे ताई, सगळं एकगठ्ठा पुसू नका, आत अजून एखादी असेल. आणि यादीत नसलेली ऑर्डर बहुतेक 'अर्काइव्ह' करून लपवलीय, तिथे बघा.

पूर आणावा लागला म्हणजे तुमची मेल बहुधा चोराच्या हातात नाही. तरी आधी मेलचाच पासवर्ड बदला आणि फिल्टर, फॉरवर्डिंग तपासा, कारण पासवर्ड रीसेटची लिंक तिथेच येते. मग दुकानाच्या खात्यात 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' करा. काही ठिकाणी नुसता पासवर्ड बदलून आधीच आत बसलेला बाहेर पडत नाही. नवा पत्ता, अनोळखी फोन नंबर काढा, दोन टप्प्यांची पडताळणी लावा. मात्र काढण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, बँक मागते.

नीलिमा:
एवढं कशाला? कार्ड ब्लॉक केलं की विषय संपला.

सचिन:
कार्ड ब्लॉक कराच, पण खात्यात दुसरं कार्ड असेल, गिफ्ट कार्डाची शिल्लक असेल, ती उघडीच राहते. क्रेडिट कार्ड असेल तर स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी तक्रार हवी. डेबिट असेल तर पैसे आधी जातात आणि भांडण नंतर, त्यामुळे आजच बँकेला फोन. आणि कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, ॲपमधूनच फोन करा. शोधात भामट्यांचे नंबरही वर येतात.

मेधा:
फिल्टर काही सापडला नाही. अर्काइव्हमध्ये मात्र टॅब्लेटखेरीज २०० डॉलरचं गिफ्ट कार्ड निघालं! टॅब्लेट वाटेतच अडवू म्हणाले. गिफ्ट कार्डाचा कोड वापरून झालाय, तिथे हात वर. क्रेडिट कार्डाकडे तक्रार टाकलीय. पासवर्ड कुठून फुटला ते आत्ता उमगलं: तोच मी एका जुन्या रेसिपी साइटवर ठेवला होता.

अविनाशकाका:
मग माझ्या मोज्यांचं काय करू?