π चे 1000 अंक: मॅचिन की स्टर्मर?

आळशी_प्रोग्रामर: पायथनमध्ये फक्त पूर्णांक वापरून π चे 1000 अंक काढायचेत. मॅचिनचं (1706) सूत्र सुटसुटीत आहे, स्टर्मरचं (1896) लांबलचक. खरंच फरक पडतो का?

π/4 = 4·arctan(1/5) − arctan(1/239)
π/4 = 44·arctan(1/57) + 7·arctan(1/239) − 12·arctan(1/682) + 24·arctan(1/12943)

भागाकारवाला: पडणारच की. 1/5 ची मालिका दर पदाला 1.4 अंक देते, 1/57 ची साडेतीन. स्टर्मर अडीचपट वेगवान, विषय संपला.

जुनी_वही: अहो, तुम्ही एकच मालिका मोजलीत, तिथे चार आहेत! हजार अंकांसाठी मॅचिनला 5 ची साधारण 715 पदं आणि 239 ची 210, म्हणजे 925. स्टर्मरला 285, 210, 176 आणि 122, म्हणजे 793. कष्ट वाचले ते जेमतेम 14 टक्के. आणि हाताने करणाऱ्याला मॅचिनच सोयीचा: 25 ने भागणं म्हणजे चारने गुणून दशांशचिन्ह दोन घरं डावीकडे सरकवणं. 57 च्या वर्गाने, 3249 ने, कागदावर भागून बघा एकदा.

भागाकारवाला: कागदावर कोण करतंय? चार मालिका चार कोअरवर सोडा. मग सगळ्यात लांब मालिकेचीच वाट बघायची: 715 ऐवजी 285 पदं. आले की नाही अडीचपट?

जुनी_वही: चार कोअर दिलेत तर आले, मान्य. पण हजार अंकांना एका कोअरवरही डोळ्याचं पातं लवत नाही. वाटणी करण्यातच जास्त वेळ जाईल.

रात्रपाळी: वेगाचं सोडा, माझे शेवटचे चार अंकच चुकत होते. दोन दिवस सूत्रात चूक शोधत बसले.

जुनी_वही: सूत्र बरोबर असणार. तुम्ही नेमके 1000 अंकच धरून चाललात ना? दर भागाकारात शेपूट कापली जाते. मॅचिनमध्ये 715 पदांतली ही तूट π पर्यंत येताना 16 ने गुणली जाते, म्हणजे वाईटात वाईट शेवटच्या घरात अकरा हजारांची चूक. 10 अंक जास्तीचे घेऊन चाला आणि शेवटी ते टाकून द्या.

रात्रपाळी: अय्या, तेवढंच होतं! पण मग बरोबर आलंय हे कळायचं कसं? तोच प्रोग्राम पुन्हा चालवला, तर चुकीचं उत्तरही तेच येतं.

जुनी_वही: शँक्सचं हेच झालं. मॅचिनच्या सूत्राने त्याने 1873 पर्यंत 707 अंक काढले, पण 528 व्या अंकापासून पुढचे सगळे चुकीचे होते. ते उघडकीला आलं 1940 च्या दशकात, फर्ग्युसनने दुसऱ्याच आर्कटॅन सूत्राने हिशेब केला तेव्हा.

आळशी_प्रोग्रामर: म्हणजे दोन्ही लिहायची आणि अंक ताडून बघायचे. आळशाला चांगलं कामाला लावलंत.

भागाकारवाला: लिहा, पण स्टर्मर चार कोअरवर. वेळ मोजून इथे टाका, मग बघू.