आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन : रक्त पातळ करायची गोळी 14 दिवसच का?

राजारामपुरीची_लेक
आईच्या (वय 71, वजन 52 किलो) उजव्या गुडघ्याची वाटी बदलून आज सहावा दिवस. परवा घरी आणलं. कागदावर रिव्हारॉक्साबॅन 10, रोज एक, एकूण 14 दिवस असं आहे. खालच्या मजल्यावरच्या काकांचा खुबा बदलला तेव्हा हीच गोळी 35 दिवस होती. ते म्हणतात, तुम्हाला कमी लिहून दिलीय. शिवाय काल संध्याकाळपासून ड्रेसिंगला खालच्या बाजूला लालसर ओल आहे. आधी दहाच्या नाण्याएवढी होती, आज सकाळी तळहाताएवढी. काकू म्हणतात गोळीच बंद कर. काय करू?

पन्हाळकर
कमी नाही दिलेली, गुडघ्याला 14च असतात. ओल असेल तर ही गोळी सोडा आणि इकोस्प्रिन 75 चालू करा. माझ्या सासूबाईंना पहिल्या दिवसापासून तेवढीच होती, काही झालं नाही.

उचगावचा_बापू
आयएनआर केला का ताई? आमच्या दादांना ॲसिट्रॉम आहे, दर महिन्याला रक्त तपासावं लागतंय. मेथी-पालक एकदम बंद केलंय.

भूलवाला
बापू, ते ॲसिट्रॉमचं. या गोळीला आयएनआर लागत नाही आणि मेथीचंही वावडं नाही.

काकांच्या 35 दिवसांचं कारण असं, की खुब्यानंतरच्या रक्ताच्या गाठी उशिरा त्रास देतात, साधारण तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे माणूस घरी गेल्यावर. गुडघ्यानंतर त्या बहुधा पहिल्या आठवड्यातच दिसतात. म्हणून तिथे कोर्स लहान.

पन्हाळकर, आज ओल दिसली म्हणून घरच्या घरी गोळी बदलू नका. इकोस्प्रिननेही रक्त वाहतंच. ताई, दोन गोष्टी सांगा. क्रिएटिनिन किती होतं? आणि दुखण्यासाठी आई नक्की काय घेतात, कागदावरचंच की आणखी काही?

राजारामपुरीची_लेक
ऑपरेशनआधी क्रिएटिनिन 1.3. कागदावर पॅरासिटामॉल आहे, पण रात्री फार दुखतं म्हणून चुलतभावाने मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणलं. दिवसाला दोन, घरी आल्यापासून.

भूलवाला
मला वाटलंच. इथे माझा संशय रिव्हारॉक्साबॅनपेक्षा डायक्लोफिनॅकवर जास्त आहे.

1.3 आकडा बघून कोणी दचकत नाही, पण आई बारीक आहेत. मूत्रपिंड मिनिटाला किती मिली रक्त साफ करतं, त्याचा हिशोब करू. 140 वजा वय 71 म्हणजे 69. गुणिले 52 केले की 3588. त्याला 72 गुणिले 1.3, म्हणजे 93.6 ने भागलं की 38. बाईमाणसाला त्याचे 85 टक्के धरायचे, म्हणजे 32 ते 33. या गोळीच्या बाबतीत 30 च्या खाली गेलं की फार जपावं लागतं, कारण ती अंगात साठत जाते. आई काठावरच होत्या. डायक्लोफिनॅकने मूत्रपिंड आणखी मंदावतं आणि प्लेटलेटही ढिल्या पडतात, म्हणजे दोन्हीकडून मार.

डायक्लोफिनॅक आत्ता बंद. सर्जनना फोन करून आजच जखम दाखवा. आजची गोळी द्यायची की नाही ते त्यांनाच ठरवू द्या, क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन पुन्हा करून घ्या. वाहती जखम अशीच राहिली तर आतल्या सांध्यात जंतुसंसर्गाची भीती, म्हणून घाई. काळी शौच झाली किंवा गुडघा दगडासारखा ताणला तर थांबू नका.

गुडघ्याला सूज असतेच. पण पोटरी एकदम ताठ झाली, पाय उशीवर ठेवूनही रात्रीतून सूज उतरली नाही, तर डॉपलर करायला सांगा. धाप लागली, छातीत दुखलं तर फोन करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

पन्हाळकर
पण ॲस्पिरिन पुरतं असं संशोधन आहे की.

भूलवाला
आहे, पण नीट वाचा. 2018 च्या कॅनडाच्या अभ्यासात आधी पाच दिवस रिव्हारॉक्साबॅन सगळ्यांनाच दिलं, मग निम्म्यांना ॲस्पिरिन. दोन्ही गटांत गाठी सारख्याच. 2022 च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात सुरुवातीपासून नुसतं ॲस्पिरिन होतं. तिथे 90 दिवसांत 3.45 टक्क्यांना गाठी झाल्या, एनोक्सापरिनच्या इंजेक्शनवाल्यांना 1.82. त्यातल्या बऱ्याच पोटरीतल्या होत्या, म्हणून आमच्यात अजून वाद आहे. माझं मत म्हणाल तर आधी पाच दिवस गोळी, मग ॲस्पिरिन, तेही निवडक पेशंटना.

राजारामपुरीची_लेक
रात्रीची खबर : क्रिएटिनिन 1.5 आलं. मीच हिशोब केला, 28. हिमोग्लोबिन 9.8, आधी 10.4 होतं. ड्रेसिंग बदलून घट्ट पट्टी बांधली, आजची गोळी थांबवली. जखम कोरडी दिसली तर उद्या 20 मिलिग्रॅम एनोक्सापरिन, नाहीतर आणखी एक दिवस थांबणार म्हणाले. ॲस्पिरिनचं मीही विचारलं. "तिच्या मूत्रपिंडाचं बघू, मग बोलू," एवढंच. चुलतभाऊ मात्र अजून विचारतोय, डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन तरी चालेल का?

भूलवाला
त्याला सांगा, इंजेक्शन घेतलं तरी ते त्याच मूत्रपिंडात जातं.