मदत हवी आहे: लग्नाआधीचा करार कोर्टात टिकतो का?

नमस्कार मंडळी, आम्ही लातूरचे. धाकट्या बहिणीचं दुसरं लग्न जमलंय, तिच्या नावावर एक प्लॉट अन् पंधरा तोळे सोनं आहे. परवा मुलाकडच्यांनी ५०० च्या स्टॅम्पवर करार टाइप करून आणला, त्यात लिहिलंय की उद्या फारकत झाली तर ती पोटगी मागणार नाही, अन् मूल झालंच तर ते बापाकडं राहील. बहीण सही करायला तयार झाली होती, मीच थांबवलं.

इथल्या एका वकिलांना दाखवला. ते म्हणले, हिंदू विवाह कायद्यात अशा कराराला जागाच नाही, गोव्याची गोष्ट वेगळी. पोटगी सोडल्याचं कलम कोर्ट धरत नाही, कारण तो हक्क कायद्यानं दिलाय अन् करार कायद्याच्या कलम २३ नुसार असली अट रद्दच ठरते. मुलाचा ताबाही त्याचं हित बघूनच ठरतो, कागद बघून नाही. पण प्लॉट कुणाचा, सोनं कुणी दिलं याची दोघांच्या सहीची यादी पुरावा म्हणून कामाला येऊ शकते म्हणले.

मग ती दोन कलमं काढून नुसती यादीच करावी का, अन् सोन्याच्या पावत्या सोबत जोडाव्या का? फॅमिली कोर्टात कुणाची अशी यादी कामाला आली असेल तर प्लीज सांगा, पुढच्या रविवारी बैठक आहे.