मदत हवी आहे: इतिहासात एम.ए. केलंय, सीव्हीवर नेमकं काय लिहू?

उंबरठा: चार महिन्यांत साठेक अर्ज केले, दोनच ठिकाणांहून बोलावणं आलं. सीव्हीवर प्रबंधाचं नाव, मार्क आणि ‘उत्तम लेखन, संशोधन व संवादकौशल्य’ एवढं आहे. कंटेंट रायटर काय, एचआर काय, सगळीकडे तोच सीव्ही जातो. कुठे चुकतंय?

करकोचा: डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करून टाका. त्याशिवाय आर्ट्सवाल्यांना कुणी विचारत नाही.

शाईचा डाग: मार्केटिंगमध्येच जायचं असेल तर कोर्सचा उपयोग होईल. मी अहवालांचं संपादन करते, नवीन मुलांचे अर्जही वाचते. ‘उत्तम संवादकौशल्य’ इतक्या जणांनी लिहिलेलं असतं की नजर त्यावर थांबतच नाही. प्रबंधासाठी प्रत्यक्षात काय केलंस?

उंबरठा: धरणामुळे उठलेल्या एका गावातल्या 22 जणांशी बोलले. बहुतेक सत्तरीपुढचे, काही जण तिसऱ्या भेटीत बोलते झाले. सगळं ध्वनिमुद्रण लिहून काढलं, जुन्या कागदपत्रांशी ताडून पाहिलं. 110 पानं झाली.

शाईचा डाग: मग हेच लिही की! ‘विस्थापितांच्या 22 मुलाखती आखल्या, घेतल्या, लिहून काढल्या, कागदपत्रांशी पडताळून 110 पानी प्रबंध लिहिला.’ रिसर्च असिस्टंटच्या अर्जात ही ओळ सगळ्यात वर. एचआरसाठी मात्र तिसऱ्या भेटीपर्यंत माणसांचा विश्वास कसा मिळवला, ते पुढे आण. एडिटोरियल असिस्टंट, रिपोर्ट रायटर, टेक्निकल रायटर अशा नावांनीही जागा शोध.

नमुना म्हणून अख्खा प्रबंध पाठवू नकोस, तो कुणी उघडत नाही. त्यातून दोन पानं नव्याने लिही. प्रबंधात आपण आधी पार्श्वभूमी मांडतो आणि निष्कर्ष शेवटी. इथे उलटं, काय सापडलं ते पहिल्याच परिच्छेदात. आणि मुलाखत दिलेल्यांची नावं, ओळख पटेल असे तपशील काढून टाक. ते राहिले तर वाचणाऱ्याला तुझ्या संशोधनाच्या शिस्तीबद्दलच शंका येते.

पानगळ: म्हणजे पीएचडी करावी असं म्हणताय का? मीही त्याच विचारात आहे.

शाईचा डाग: नाही हो, नोकरीच्या अर्जाचं चाललंय.

उंबरठा: सुरुवात अशी केली: ‘विस्थापन ही एक गुंतागुंतीची सामाजिक प्रक्रिया असून…’

शाईचा डाग: खोड! त्या 22 जणांनी तुला असं काय सांगितलं, जे कागदपत्रांत नव्हतं?

उंबरठा: कागदावर गाव एका दिवसात हललं. लोकांच्या सांगण्यात मात्र ते दोन पावसाळे हलत होतं.

शाईचा डाग: हं, हे पहिलं वाक्य.

उंबरठा: एका ठिकाणी चाचणी म्हणून 1500 शब्दांचा लेख फुकट मागितलाय. द्यावा का?

करकोचा: अजिबात नको. छापतील आणि फोनही उचलणार नाहीत.

शाईचा डाग: 300-400 शब्द असते तर दे म्हटलं असतं. विषय त्यांच्याच वेबसाइटला लागणारा आहे का? तसं असेल तर आधी ही दोन पानं पाठव आणि यावर भागेल का ते विचार. काही जण ऐकतात.

उंबरठा: विषय त्यांचाच आहे. विचारून पाहते, काय म्हणतात ते इथे लिहीन.